अंधेरीचं काम अडणार नाही

तेलाचा डाग पडल्या दिवशी असतो तेवढाच राहत नाही. कागदाच्या धाग्यांतून तो सावकाश पुढे सरकतो, कडेला फिकट होत जातो, आणि जिथवर पोचतो तिथवर कागद पारदर्शक करून ठेवतो. क्षमाच्या अर्जावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, असा एक डाग होता. आठवड्याच्या सुरुवातीला तो बोटाच्या पेराएवढा होता. आता तो ‘विषय’ या शब्दापर्यंत आला होता आणि खाली ठेवलेल्या कुठल्याशा कॅलेंडरचं लाल अक्षर त्यातून दिसत होतं.

डाग कांदाभजीचा होता. श्याम सरांच्या टेबलावरचा प्रत्येक कागद कधी ना कधी भजीच्या हाताखालून जाई. अंधेरी पूर्वेच्या या अन्नतपासणी प्रयोगशाळेचे ते प्रमुख. नाव श्यामसुंदर, पण सगळे श्याम सरच म्हणत. अर्ज ईमेलने पाठवलेला असला तरी ते तो छापून घेत. “कागद हातात आल्याशिवाय मला माणूस कळत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

“अर्ज फक्कड लिहिलायस,” ते म्हणाले आणि बोट पँटला पुसलं. “आधीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी बरा. बघतो मी.”

“सर, वर पाठवलात का?”

“अगं बघतो म्हटलं ना! ऑडिट होऊ दे एकदा.”

ऑडिटच्या आधी त्यांचं ‘पगारवाढीची पत्रं होऊ देत’ होतं. त्याच्या आधी ‘गणपती होऊ देत’. क्षमा ‘बरं’ म्हणाली आणि बाहेर आली, आणि सवयीने हात धुतले. तिने कशालाही हात लावला नव्हता.

क्षमा परब सूक्ष्मजीव विभागाची प्रमुख होती. मासे, दूध, पाणी, आंब्याचा गर, जे काही येईल त्यात कुठले जंतू किती आहेत ते सांगणं हे तिचं काम. या कामात नाक आणि पोट दोन्ही घट्ट लागतात. सडलेली कोळंबी असो की गटाराचं पाणी, तिने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. घाण कुठून आली, कशी वाढली हे कळलं की तिची किळस वाटत नाही, असा तिचा अनुभव होता. गेल्या वर्षभरात या अनुभवाला तडा गेला होता, आणि तो या अर्जापायी.

कंपनीची एक शाखा कुडाळला होती. तिथून तिचं गाव रिक्षाच्या अंतरावर. गावात वडील, दत्ताराम. आयुष्यभर कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, गिरणी बंद पडल्यावर गावी गेले, बायको गेल्यावरही तिथेच राहिले. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. शेजारच्या सुलक्षणाकाकी त्यांना उठवत, बसवत, कपडे बदलत. भाऊ नितेश मुलुंडला, त्याची दोन खोल्यांत चार माणसं. तो फोनवर म्हणाला होता, “ताई, तू एकटी आहेस, तुला हलता तरी येतं.” हे खरं होतं, म्हणूनच तिला ते झोंबलं.

पहिला अर्ज तिने सरळ लिहिला. वडिलांना अर्धांगवायू झाला आहे, त्यांच्याजवळ राहणं आवश्यक आहे, कुडाळला बदली मिळावी. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी रसायन विभागातला कुणीतरी तिला विचारू लागला की पाठीला जखमा झाल्यात का, पाण्याची गादी घ्या, आमच्या सासऱ्यांना तिचा फार उपयोग झाला. श्याम सरांनी अर्ज चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवला होता. “सगळे आपलेच आहेत गं,” ते म्हणाले. “फॅमिलीत काय लपवायचं?” तिच्या बापाचं अंथरूण पारले बिस्किटाच्या पुड्याशेजारी येऊन पडलं होतं. तिने कप तसाच बेसिनमध्ये ओतला.

त्या अर्जाला मनुष्यबळ विभागाचं उत्तर आलं: वैयक्तिक कारणासाठी सध्या जागा उपलब्ध नाही.

दुसऱ्या अर्जात तिने वडिलांचं नावच काढलं नाही. फक्त कुडाळच्या शाखेची गरज मांडली. त्यावर दीप्तीचा फोन आला. दीप्ती मनुष्यबळ विभागात, क्षमाच्याच वयाची, बोलायला गोड. “क्षमा, केस छान आहे, पण मग तूच का? वरचे विचारतात, हिचा अंधेरीत कुणाशी काही वाद आहे का? कारण दिलं नाहीस की लोक आपापली कारणं तयार करतात ना.”

मग देवेशने तिची शिकवणी घेतली. देवेश रसायन विभागातला, पूर्वी पुण्याहून अंधेरीला बदलून आलेला, त्यामुळे या विषयातला जाणकार.

“हे बघ, तुझं चुकतंय ते प्रमाण,” तो कॅन्टीनमध्ये म्हणाला. “आधी कंपनी. तिकडे काय अडलंय ते सांग. मग इकडे तू गेल्याने काहीच अडणार नाही ते सांग. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सोडणारा बॉस तिथेच पाय धरून ठेवतो. आणि मग शेवटी, अगदी शेवटी, तुझे बाबा. वरून कोथिंबीर पेरल्यासारखे.”

“देवेश, ते माझे वडील आहेत.”

“म्हणून तर सांगतोय यार. भाजीत टाकलेस तर कडू होतात, वरून टाकलेस तर छान वास येतो. मी माझ्या आईचा मोतीबिंदू टाकला होता. लगेच आलो की नाही?”

तिला त्याचा राग आला नाही. राग आला तो आपण घरी जाऊन नेमकं तसंच लिहिलं याचा.

तिसरा अर्ज तिने प्रयोगाचा अहवाल लिहावा तसा लिहिला. कुडाळच्या शाखेत सूक्ष्मजीव विभाग आहे, यंत्रं आहेत, पण तिथल्या अहवालांवर सही करायला मान्यता असलेली व्यक्ती नोकरी सोडून गेली. अशी व्यक्ती नसली की प्रयोगशाळेला मान्यताप्राप्त अहवाल देता येत नाही, म्हणून तिथला विभाग बंद आहे आणि मालवण-वेंगुर्ल्याचे नमुने रात्रीच्या बसने अंधेरीला येतात. पोचेपर्यंत बर्फ वितळतो, नमुने नाकारावे लागतात, गिऱ्हाईक तुटतं. मला या विषयात सहीची मान्यता आहे. मान्यता देणाऱ्या संस्थेला कळवून, कुडाळसाठी तिची मंजुरी घेऊन तो विभाग सुरू करता येईल. अंधेरीत अबोली हिला मी तीन वर्षं तयार केलं आहे. ती नमुने लावण्यापासून प्लेट वाचण्यापर्यंत, म्हणजे तिच्यावर वाढलेले जंतू ओळखून मोजण्यापर्यंत, सर्व कामं स्वतंत्रपणे करते. सहीसाठी इथे दुसरे मान्यताप्राप्त सहकारी आहेत. माझ्या जाण्याने अंधेरीचं काम अडणार नाही.

आणि शेवटी एक ओळ: कौटुंबिक जबाबदारीच्या दृष्टीनेही ही बदली मला सोयीची ठरेल.

सोयीची. तिने तो शब्द पुसला, पुन्हा लिहिला. बाप लघवीत भिजून पडतो, आणि ती त्याला सोय म्हणत होती. पण वाक्य बरोबर बसलं होतं. तिने अर्ज पाठवला.

त्या रविवारी तिने गावी फोन लावला. वडिलांचे शब्द अजून घसरत होते, पण जीभ जुनीच होती.

“साहेबान काय सांगल्यान?”

“बघतो म्हणालेत, बाबा.”

“बघूनच ऱ्हवतलो तो. आमच्या गिरणीत पण असोच एक होतो. डोळे गेले, तरी बघी होतो.”

ती हसली. मग फोन सुलक्षणाकाकींनी घेतला, आणि त्या अंगणात गेल्याचं आवाजावरून कळलं.

“क्षमा, तुका सांगाचा कसा ता कळना नाय. माझ्या चेडवाचा, लेकीचा, बाळातपण इला हा. दिवाळी झाली की माका पनवेलाक जावचा लागतला. मी इतके दिवस केलंय, पण आता…”

“काकी, तुम्ही खूप केलंत. मी करते काहीतरी.”

“बाई ठेवलंस तरी तेंका चलाचा नाय गो. माझ्याच हातचा खाणत नाय धड. दोनदा विचारतत, माझा चेडू कधी येतला.”

दिवाळी तोंडावर होती. कामावर जाताना आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये सकाळी बसलं की तबेल्यांचा वास येई, आणि तोच तिला दिवसातला सगळ्यात स्वच्छ वास वाटू लागला होता.

मग तो थर्मोकोलचा खोका आला.

कुडाळहून आला होता, बसच्या डिकीतून. अबोलीने चिकटपट्टी कापली आणि दोघींनी एकदमच मान मागे घेतली. आत सुरमईच्या पिशव्या गुलाबी पाण्यात तरंगत होत्या. बर्फाचा एक खडाही शिल्लक नव्हता. अबोलीने थर्मामीटर खुपसला. पाच अंशांच्या आत असायला हवं होतं. काटा अकरावर जाऊन थांबला.

“मॅडम, गेलं,” अबोली म्हणाली. ती बोरिवलीची, सव्वीस वर्षांची, बारीक अंगाची, कामात मात्र चोख. “रिजेक्ट लिहू?”

“लिही. अकरा लिही.”

श्याम सर दारात उभे होते. हातात डिश होती. त्या वासातही ते खात होते, हे क्षमाला विलक्षण वाटलं.

“काय रिजेक्ट? अगं हे मोठं गिऱ्हाईक आहे. आधीच दोनदा परत पाठवलंय. चार लिहा आणि लावून टाका.”

“सर, या तापमानाला जंतू वाढतात. येणारा आकडा माशाचा नसेल, बसच्या डिकीचा असेल.”

“आला जास्त तर आला. मग पुन्हा लाव. कमी येईपर्यंत लाव.” ते हसले. “तुमचं सायन्स म्हणजे ना…”

अबोलीने क्षमाकडे पाहिलं. क्षमाने तिच्या हातातून पेन घेतलं आणि नोंदीत स्वतःच अकरा लिहिलं, खाली सही केली.

श्याम सर चिडले नाहीत. ते जवळ आले, आणि खोक्याकडे डिशनेच बोट दाखवत म्हणाले, “हे बघ, तू अर्जात हेच लिहिलं होतंस ना? मला पटलं. मी वर पाठवला. वरच्यांनाही पटला. उद्या अकरा वाजता ये, दीप्ती पण आहे. गोड बातमी आहे.”

ते गेले. अबोलीने खोक्याचं झाकण लावलं आणि एकदम क्षमाचा दंड धरला. “मॅडम! झालं तुमचं! आता पार्टी पायजे हां.” तिचे हातमोजे माशाच्या पाण्याने भरलेले होते. क्षमाला ते लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं नाही. उद्या सांगू, पक्कं झालं की. पण गोरेगावच्या घरी आल्यावर तिने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली, पुसली आणि उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी श्याम सरांच्या केबिनमध्ये दीप्ती आधीच बसली होती. टेबलावर पेढ्यांचा खोका होता. सरांनी स्वतः एक पेढा काढून क्षमाच्या तळहातावर ठेवला.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “कुडाळचा विभाग दिवाळीनंतर सुरू. तुझ्या अर्जातला प्रत्येक मुद्दा मंजूर. मी तर त्यांना म्हटलं, असा प्रस्ताव माझ्या माणसाने लिहिलाय याचा मला अभिमान आहे.”

“थँक यू, सर. मला कधी रुजू व्हायचंय?”

सर आणि दीप्ती यांनी एकमेकांकडे पाहिलं. दीप्तीने वहीत पेन आडवं ठेवलं.

“त्याचं असं आहे, क्षमा,” ती म्हणाली, “जागा ज्युनिअरची मंजूर झाली आहे. तिथलं काम कमी आहे, सिनिअर माणूस परवडणार नाही. तू अबोलीबद्दल इतकं छान लिहिलंस ना, स्वतंत्रपणे सगळं करते म्हणून. मग वरून आलं की तिलाच पाठवा.”

क्षमाच्या तळहातावरचा पेढा उबेने मऊ होऊ लागला होता. त्याचं तूप बोटांच्या बेचक्यात उतरत होतं.

“अबोलीला सहीची मान्यता नाही,” ती म्हणाली.

“नकोच आहे!” श्याम सरांनी टाळी वाजवल्यासारखे हात एकत्र आणले. “तिथेच तर गंमत आहे. मान्यतेसाठी कागदावर तू कुडाळची. बसायला इथेच. ती तिकडे प्लेट वाचेल, तुला व्हॉट्सॲपवर फोटो टाकेल, तू सही कर. अंधेरी सुटत नाही, कुडाळ चालू. आणि तुझ्या बाबांचंही मी विसरलो नाही हां. मधून मधून तुला तिकडे ऑफिशियल व्हिजिट. एका दगडात किती पक्षी बघ!”

“फोटोवरून प्लेट वाचता येत नाही, सर.”

“का? एचडी फोटो असतो.”

“काही जंतूंची चमक प्लेट हातात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. दोन कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, चिकटलेल्या असल्या तर खालून बघावं लागतं. आणि दिसलं तरी, मी तिथे नसताना तिथली म्हणून सही करणं याला खोटं म्हणतात.”

“खोटं काय त्यात? माणूस तूच, सही तुझीच.” सरांनी स्वतःसाठी दुसरा पेढा उचलला. “बोलव तिला, दीप्ती.”

अबोली ॲप्रनमध्येच आली. पेढे बघून तिचा चेहरा फुलला, आणि ती क्षमाकडे बघून हसली. दीप्तीने तिला गोड आवाजात सगळं सांगितलं. ते हसू चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. निघायला विसरल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

“मी? कुडाळला?” अबोली म्हणाली. “पण सर, माझं लग्न ठरलंय फेब्रुवारीत. शौनकचं ऑफिस गोरेगावला आहे. तुम्हाला माहितेय ना?”

“लग्न काय, कुडाळहून पण होतं,” श्याम सर म्हणाले. “कंपनीची गरज आहे, बेटा. बदली ही ऑर्डर असते, विनंती नव्हे. आणि तुझ्या मॅडमनीच शिफारस केलीय तुझी. लेखी.”

अबोलीने क्षमाकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंत?”

“तू इथलं सांभाळशील, असं लिहिलं होतं.”

“मला विचारलंत का?”

क्षमाने विचारलं नव्हतं. अहवालात उपकरणाचं नाव लिहावं तसं तिने तिचं नाव लिहिलं होतं, क्षमतेसह, आणि पुढच्या ओळीवर गेली होती. स्वतःचा बाप शेवटच्या ओळीत झाकून ठेवला होता आणि दुसऱ्याची मुलगी पुराव्यादाखल पुढे केली होती. आता तो पुरावा श्याम सरांच्या कामी आला होता. सर पेढा चघळत होते. जिभेने दाढेमागचा कण शोधत होते. ओठांच्या कोपऱ्यात पिवळट ओल जमली होती. क्षमाला किळस आली. पण ती सगळी सरांमुळे नव्हती, हे तिला प्लेटवर वाचावं इतकं स्पष्ट दिसत होतं. घाण कुठून आली, कशी वाढली, हे या वेळी पुरतं कळलं होतं, आणि तरीही किळस कमी झाली नाही.

“अबोली, थांब जरा,” दीप्ती समजुतीने म्हणाली. “क्षमा, तू हिला समजाव ना. तुझं ऐकते ती. सहा महिने जाऊ दे, मग बघू. तुझाही विचार नक्की करू.”

“हां, बघू की!” श्याम सर म्हणाले. “कोण नाही म्हणतंय? पुढच्या वर्षीची पगारवाढ होऊ दे, मग—”

बघू. वर्षभर ती या शब्दावर विसंबून होती. आता तिला त्याचं कारणही दिसलं. बदली मंजूर झाली असती तर कंपनीने पाठवलं म्हणून ती गेली असती. नाकारली असती तर कंपनीने अडवलं म्हणून राहिली असती. नितेशला सांगायला कारण, बाबांना सांगायला कारण. कधीच काही स्वतः ठरवावं लागलं नसतं. तीन अर्ज लिहिले, तिन्हींत ती दुसऱ्या कुणाला तरी ठरवायला सांगत होती.

तिने पेढा टिश्यूवर ठेवला आणि टिश्यू दुमडून टेबलाच्या कडेला सरकवला.

“सर, अबोलीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. म्हणजे ती हुशार आहे हे नाही. तिच्या जिवावर मी माझं जाणं सोपं करून घेत होते, ते. तिला विचारायला हवं होतं. अबोली, माझं चुकलं.”

ॲप्रनच्या खिशात अबोलीच्या मुठी वळलेल्या दिसत होत्या.

“अगं, इमोशनल काय होतेस?” सर म्हणाले. “आपण सगळे फॅमिली—”

“आणि न बघितलेल्या प्लेटवर मी सही करणार नाही. कागदावर कुडाळची म्हणून माझं नाव पाठवलंत, तर ते खोटं आहे असं मी मान्यता देणाऱ्यांना लिहून कळवेन.”

सरांचं चघळणं थांबलं. दीप्तीने पेन हातात घेतलं, पण काय लिहावं ते तिला कळेना. काचेपलीकडे कुणीतरी निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह उघडला, आणि शिजलेल्या मांसाच्या रसाचा, गरम यीस्टचा दाट वास दाराच्या फटीतून आत आला. एरवी क्षमाला तो भाकरीच्या वासासारखा ओळखीचा वाटे.

“मग तुझं म्हणणं काय आहे नक्की?” श्याम सरांनी विचारलं. आवाजातला गोडवा गेला होता. “अबोलीला पाठवायचं नाही, फोटोवर सही करायची नाही. तुला पाहिजे काय? अर्जात लिहिलंयस, सोयीची ठरेल. मग सोयीने घे की जरा.”

“सोयीचं मी खोटं लिहिलं होतं.” तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, ऐकायला दीप्तीला पुढे वाकावं लागलं. “माझ्या वडिलांना अंगावरून वारं गेलंय. त्यांना उचलायला, धुवायला, भरवायला दिवाळीनंतर कुणी नाही. कुडाळला विभाग हवा असेल तर मी तिथे बसून चालवेन, ज्युनिअरच्या पगारात. नको असेल तर नको. पण जायचं की नाही, हे मी तुम्हाला आता विचारत नाही, सर. दिवाळीनंतर मी गावी राहायला जाते आहे. बदली मिळाली तर बदलीवर, नाहीतर राजीनाम्यावर. मी जाते आहे.”